जोडणीचा कागद हरवला? फळ्यांवरची भोकं वाचा: सुट्या फळ्यांची आलमारी उभी करताना

अडचण अशी: ऑनलाइन मागवलेली सुट्या फळ्यांची आलमारी गावात पोहोचली. फिटिंगवाला त्या पिनकोडला येत नाही. फळ्या खोलीभर पसरल्या, स्क्रूच्या पिशव्या फोडून झाल्या आणि जोडणीचा कागद कुठेच नाही.

यवतमाळ जिल्ह्यात फिटिंगचं काम करतो, त्यामुळे असे फोन मला कायम येतात. कागद हरवायचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. तो खोक्याच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असतो किंवा थर्माकोलच्या खाली दडलेला असतो. पार्सल तालुक्याच्या गावी उतरतं, तिथून पिकअपमध्ये गावात येतं, फळ्या घरात जातात आणि पुठ्ठा अंगणात राहतो. तो पावसात भिजतो नाहीतर चुलीशी जातो.

आधी सोपं ते करून घ्या. खोक्याचा एखादा तुकडा शिल्लक असेल तर त्यावरच्या स्टिकरवर मॉडेलचा कोड असतो. विकणाऱ्याला तो कोड कळवून कागदाचा फोटो मागवा. फोटो आला तर उत्तम, पण आलेला कागद आपल्याच मापाचा आहे का, हे एक-दोन फळ्या मोजून बघा. त्याच नावाची दोन दारांची आणि तीन दारांची अशा दोन्ही आलमाऱ्या असतात, आणि भलत्याच आलमारीचा कागद हातात पडला तर गोंधळ वाढतोच.

कागद मिळालाच नाही तरी काम अडत नाही. कारखान्यात मशीननं पाडलेलं प्रत्येक भोक कुठल्यातरी एका वस्तूसाठीच असतं. कुठल्या भोकात काय जातं हे कळलं की कुठली फळी कुठल्या फळीला भिडते हे कळतं, आणि तेवढ्यावरून क्रमही ठरवता येतो. नुकत्याच फोनवरून सोडवलेल्या एका आलमारीवरून ही रीत सविस्तर सांगतो.

भाच्याचा फोन

घाटंजी तालुक्यातल्या एका गावातून माझ्या भाच्याचा फोन आला. "मामा, वरची फळी बसूनच नाही राहिली. वाढई म्हणते मापच चुकलं, दोन्हीकडून जराशी कापून टाकू. कापू काय?"

"काहीच कापू नको," मी म्हणालो. "दोन्ही बाजूंच्या उंच फळ्या उभ्या करून झाल्या का?"

"हो जी, त्या तर पहिलेच केल्या. खालची फळीबी लागली."

अडचण तिथंच होती. गावातला वाढई आपल्या कामात तरबेज असतो, पण त्याची सवय सागवानाची: आधी चौकट उभी करायची आणि मग फळी रंधून तिच्यात बेतायची. कारखान्याच्या फळीला ही रीत चालत नाही. वरची फळी मापानं बरोबरच होती, तिची पाळी चुकली होती. भाच्याला सगळं पुन्हा खोलायला लावलं आणि फळ्या जमिनीवर निजवून मोजायला सांगितलं.

मापं घेताना

एकच टेप वापरा आणि सगळी मापं मिलिमीटरमध्येच घ्या. आपल्याकडे वाढई इंच-सुतात बोलतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण ३ मि.मी. या कामात तेवढा फरकही मोठा असतो: १५ मि.मी.ची फळी आणि १८ मि.मी.ची फळी यांच्यात एकाच सुताचं अंतर आहे, आणि सगळा हिशोब फळीच्या जाडीवरच उभा राहतो. लोखंडी टेप नसेल तर शिंप्याचा टेप चालेल, फक्त तो ताणलेला किंवा टोकाला झिजलेला नको.

भाच्यानं कळवलेली मापं अशी. जाडी सगळीकडे १८. उंच फळ्या दोन, १८०० बाय ४८०. आडव्या फळ्या दोन, ७६४ बाय ४८०. एक उभी फळी, १६८४ बाय ४६५. छोट्या फळ्या तीन, तिन्ही ३७३ लांब. एक पट्टी ७६४ बाय ८०. दारं दोन, ३९६ बाय १७१६. मागचे पातळ पुठ्ठे दोन, ३ मि.मी. जाड, ३८८ बाय १६९८. शिवाय ड्रॉवरचे तुकडे, ते मी त्याला बाजूला ठेवायला लावले.

आता बेरीज-वजाबाकी. खरेदीच्या पानावर आलमारीची रुंदी ८०० लिहिलेली होती. ८०० मधून ७६४ गेले की ३६ उरतात, म्हणजे १८ च्या दोन फळ्या. याचा अर्थ वरची आणि खालची फळी दोन्ही बाजूंच्या मध्ये बसते, त्यांच्या डोक्यावर नाही. वरची फळी ८०० लांब असती तर ती बाजूंवर टेकली असती आणि जोडणीचा सगळा क्रम बदलला असता. कागदाशिवाय काम करताना या वजाबाकीइतकं महत्त्वाचं दुसरं काही नाही, म्हणून ती सर्वात आधी करा.

उभ्या फळीचं तसंच. उंची १८०० मधून खालच्या पट्टीचे ८०, खालच्या फळीचे १८ आणि वरच्या फळीचे १८ वजा केले की १६८४ उरतात. म्हणजे उभी फळी खालच्या आणि वरच्या फळीच्या मध्ये सापडते. ७६४ मधून तिची जाडी १८ वजा करून निम्मे केले की ३७३ येतात, म्हणून छोट्या फळ्या आलमारीच्या अर्ध्या भागातल्या. आणि तिची खोली ४८० ऐवजी ४६५ का? तिच्या मागून पुठ्ठा जातो म्हणून. बाजूच्या फळ्यांच्या आतल्या अंगाला, मागच्या कडेपासून १० मि.मी. आत, ४ मि.मी. रुंदीची एक लांब खाच होती. तशीच खाच वरच्या आणि खालच्या फळीलाही होती. म्हणजे पुठ्ठा खिळ्यांनी ठोकायचा नव्हता, खाचेतून सरकवायचा होता. खाच चारही बाजूंना असेल तर चौकट पूर्ण बंद झाल्यावर पुठ्ठा आत घालताच येत नाही, हे इथंच ध्यानात ठेवा.

पुढची बाजू कुठली आणि मागची कुठली, हे कडांवरून कळतं. पुढच्या कडेला रंगीत पट्टी चिकटवलेली असते. मागची कड बरेचदा उघडी असते, तिथं आतला भुसा दिसतो. खाच नेहमी मागच्या कडेजवळ असते.

भोकांची ओळख

मापाची पट्टी भोकात घालून बघत बसायची गरज नाही. तीन-चार प्रकार ओळखता आले की पुरे.

फळीच्या सपाट अंगावर, टोकाजवळ, आरपार न गेलेलं जे मोठं गोल भोक असतं ते साधारण १५ मि.मी.चं. त्यात मिनीफिक्सचा, म्हणजे दोन फळ्या एकमेकींना आवळून धरणाऱ्या लॉक-बोल्टाच्या जोडीचा, गोल लॉक बसतो. त्याच फळीच्या कडेत, त्या मोठ्या भोकाकडे जाणारं ८ मि.मी.चं भोक असतं, बोल्टाचं डोकं तिथून आत येतं. साधी पेन्सिल ८ च्या भोकात सहज जाते आणि ५ च्या भोकात जात नाही, एवढी परीक्षा पुरते. कडेतलंच ८ चं भोक, पण त्याच्यासमोर मोठं भोक नाही, तर ते लाकडी खुंटीचं, म्हणजे डॉवेलचं.

खरी गफलत ५ मि.मी.च्या भोकांत होते. मिनीफिक्सचा बोल्ट ५ च्याच भोकात आवळतात आणि सरकत्या फळीच्या पिनाही ५ च्याच भोकात बसतात. फरक शेजाऱ्यांवरून ओळखा. ५ च्या भोकाच्या आडव्या ओळीत ८ ची भोकं असतील तर तिथं दुसरी फळी येऊन भिडणार आहे, म्हणून तिथं बोल्ट. एकाखाली एक सारख्या अंतरावर पाच-सहा भोकांची उभी रांग असेल आणि जवळ ८ चं एकही भोक नसेल तर ती पिनांची रांग. तिथं बोल्ट आवळला तर आलमारी उभी राहिल्यावर कळतं आणि तोवर उशीर झालेला असतो. पुढच्या कडेपासून ३७ मि.मी. आत, एकमेकांपासून ३२ मि.मी.वर असलेली जोडभोकं बिजागरीच्या पट्टीची. ही जोडी दिसली की ती कड पुढची, हे नक्की झालं.

दाराच्या आतल्या अंगावरचं ३५ मि.मी.चं मोठं, उथळ भोक बिजागरीच्या वाटीचं. त्याचा लॉकच्या भोकाशी काही संबंध नाही.

एवढं सांगून भाच्याला १५ ची भोकं मोजायला लावली. वरच्या फळीला ४, खालच्या फळीला ४, उभ्या फळीला ४ आणि तीनपैकी एका छोट्या फळीला ४. एकूण १६. पिशवीतले लॉक १७, म्हणजे एक जास्तीचा. मग ८ च्या शेजारची ५ ची भोकं: डाव्या बाजूला ४, उजव्या बाजूला ६, वरच्या फळीच्या खालच्या अंगाला २, खालच्या फळीच्या वरच्या अंगाला २, उभ्या फळीच्या उजव्या अंगाला २. यांचीही बेरीज १६. लॉक आणि बोल्ट यांचा मेळ बसला की भोकं बरोबर ओळखली असं समजा. मेळ बसला नाही तर पुढं जाऊ नका, कुठलीतरी फळी उलटी धरली आहे किंवा पिनांची रांग बोल्टात मोजली गेली आहे.

या मोजणीतून छोट्या फळ्यांचा उलगडाही झाला. लॉकची भोकं असलेली एक पक्की बसते, उरलेल्या दोन पिनांवर टेकतात आणि हव्या तशा वरखाली करता येतात. पक्क्या फळीचे बोल्ट उजव्या बाजूला आणि उभ्या फळीच्या उजव्या अंगाला आहेत, म्हणजे कप्पे उजवीकडे आणि कपडे टांगायचा दांडा डावीकडे.

डावी-उजवी बाजू ओळखायला दोन्ही उंच फळ्या आतलं अंग वर करून, मागच्या कडा एकमेकींना लावून निजवा. वरच्या आणि खालच्या जोडाची भोकं समोरासमोर आली पाहिजेत. येत नसतील तर एक फळी डोक्याकडून पायाकडे फिरवा. फोनवर बोलताना "ही फळी, ती फळी" म्हणू नका. प्रत्येक फळीवर कागदी चिकटपट्टी लावून नाव लिहा: डावी, उजवी, वर, खाल, मधली. दोघांच्या तोंडी एकच नाव असलं की अर्धा वेळ वाचतो.

क्रम कसा ठरतो

वरची फळी भाच्याला का बसवता येत नव्हती ते आता समजेल. मिनीफिक्सचा बोल्ट आवळला की तो फळीच्या बाहेर इंच-सव्वा इंच उभा राहतो. दोन्ही बाजूंच्या फळ्या जागेवर आहेत आणि दोन्हीकडून बोल्ट आत डोकावताहेत. मधली जागा ७६४ ची खरी, पण दोन्हीकडच्या बोल्टांमुळे वाट तेवढी उरत नाही. फळी वरून सरळ खाली उतरू शकत नाही, तिला आडवीच बोल्टांवर सरकावी लागते, आणि आडवं सरकायला दुसरी बाजू मोकळी हवी. म्हणून भाच्याला ती मोठी वाटली. कापली असती तर लॉकच्या भोकाशेजारची कड गेली असती आणि फळी वाया गेली असती.

यातून निघणारा नियम असा: जिच्या दोन्ही टोकांना लॉकची भोकं आहेत ती फळी दोन फळ्यांच्या मध्ये अडकणारी. तिला सगळ्यात शेवटी बसवता येत नाही. जिच्या अंगावर फक्त बोल्टांची भोकं आहेत आणि स्वतःचा एकही लॉक नाही, तीच फळी शेवटी झाकणासारखी लावता येते. या आलमारीत अशा दोनच फळ्या: डावी आणि उजवी. वर, खाल, मधली आणि पक्का कप्पा या चौघी अडकणाऱ्या. त्यातही मधली फळी वर आणि खाल यांच्यात अडकते, म्हणून सुरुवात तिच्यापासून.

भाच्याला सांगितलेला क्रम:

१. जमिनीवर सतरंजी पसरा. पाच फळ्यांमधले सगळे बोल्ट हातानं, पेचकसानं आवळा. बोल्टाची कड फळीला टेकेपर्यंत, त्याहून जास्त नाही. ड्रॉवरच्या चॅनलचा आलमारीकडचा भाग आणि बिजागरीच्या पट्ट्या आत्ताच लावून घ्या, फळ्या निजलेल्या असताना हे काम सोपं जातं.

२. कडांमधल्या भोकांत लाकडी खुंट्या घाला. चार फळ्यांच्या आठ टोकांना दोन-दोन म्हणजे १६, आणि खालच्या पट्टीच्या दोन टोकांना ४, एकूण २०. खुंटी निम्मी आत, निम्मी बाहेर.

३. मधली फळी पुढची कड जमिनीकडे करून ठेवा. तिच्या एका टोकाला खाल, दुसऱ्या टोकाला वर लावा. पुढच्या कडा तिन्हींच्या सारख्या, मागे मधली १५ मि.मी. कमी. लॉक फिरवून बंद करा.

४. पक्का कप्पा मधल्या फळीच्या उजव्या अंगाला लावा.

५. डावी बाजू लावा. खालची ८० ची पट्टी याच वेळी खुंट्यांवर बसवा, नंतर तिला जागा मिळत नाही.

६. आता उजवी बाजू उघडी आहे. वरच्या आणि खालच्या फळीच्या खाचेतून एक पुठ्ठा उजवीकडून आत सरकवा, तो डाव्या फळीच्या खाचेत जाऊन बसेल. त्याच्या मोकळ्या कडेला प्लास्टिकची दोन्हीकडून खाच असलेली लांब पट्टी चढवा, मग दुसरा पुठ्ठा सरकवा. पट्टी बरोबर मधल्या फळीच्या मागे येते.

७. उजवी बाजू लावून चौकट बंद करा.

वरची फळी ८०० ची असती, म्हणजे बाजूंच्या डोक्यावर टेकणारी, तर याच नियमानं तिला स्वतःचे लॉक नसते आणि ती शेवटी लागली असती. पुठ्ठाही मग वरून सरकवायचा. आलमारी बदलली तरी नियम तोच ठेवा: शेवटची फळी कोणती ते आधी शोधा आणि पुठ्ठा तिच्या अगोदर घाला.

पुठ्ठ्याची मापंही पडताळून घ्या. ३८८ चे दोन म्हणजे ७७६, मधल्या पट्टीचे साधारण २, मिळून ७७८. आतली रुंदी ७६४, म्हणजे दोन्हीकडे सात-सात मि.मी. खाचेत गेले. उंचीही तशीच: १६९८ मधून १६८४ गेले की १४. दोन्ही मापं जुळली म्हणजे पुठ्ठा आडवा-उभा कसा लावायचा हा प्रश्न राहिला नाही.

लॉक फिरत नाही किंवा नुसताच फिरतो

इथं सर्वात जास्त फळ्या बिघडतात. लॉकच्या डोक्यावर एक बाण किंवा खूण असते आणि त्याचं उघडं तोंड त्या दिशेला असतं. लॉक भोकात ठेवताना ते तोंड फळीच्या कडेकडे, जिथून बोल्ट येणार तिकडे हवं. फळ्या पूर्ण भिडल्या, मध्ये केसाइतकी फट राहिली नाही, की मगच घड्याळाच्या दिशेनं फिरवा. साधारण अर्ध्या फेऱ्यात तो घट्ट होतो.

लॉक अडकल्याशिवाय गोल गोल फिरतोय तर बोल्टाचं डोकं त्याच्या तोंडात शिरलेलंच नाही. बहुतेक वेळा बोल्ट अर्धवट आवळलेला असतो किंवा खुंटी जास्त लांब बाहेर राहिल्यामुळे फळ्या भिडत नाहीत. लॉक सुरुवातीलाच कडक लागतोय तर तोंड चुकीच्या दिशेला आहे. दोन्ही वेळा जोर लावू नका. लॉकच्या भोवती भुशाची फळी पातळ असते, जोरानं तिथली पापडी उडते. ड्रिल मशीननं लॉक फिरवायचा तर विचारही नको, हाताला जो अडसर कळतो तो मशीनला कळत नाही.

बोल्टाचं भोक आधीच ढिलं झालं असेल, भाच्याकडे एक झालं होतं, तर काडेपेटीच्या काड्यांना फेविकॉल लावून भोकात ठासायच्या, वरची टोकं कापायची आणि रात्रभर वाळू द्यायचं. सकाळी बोल्ट पुन्हा हळू आवळायचा. एखाद्या जोडाला हे चालतं. चार-पाच जोड असे झाले तर फळी बदलून मागवणंच बरं.

स्क्रू कुठला कुठं

सगळे स्क्रू एका सुपात ओता आणि लांबीप्रमाणे ढीग करा. लांबी मोजताना, ज्याचं डोकं फळीत बुडतं त्याची डोक्यासकट मोजायची, ज्याचं डोकं वर राहतं त्याची डोकं सोडून.

फळी १८ ची आहे, हे कायम डोळ्यांपुढे ठेवा. बिजागरी, चॅनल, दांड्याच्या कड्या या सगळ्यांना १६ मि.मी.चा स्क्रू लागतो. तिथं २५ चा घातला तर टोक दाराच्या पुढच्या अंगातून बाहेर येतं, आणि ते बुजवायला चांगला उपाय नाही. मुठीचा स्क्रू वेगळाच असतो. त्याचे आटे बारीक, टोक बोथट, आणि तो दाराच्या आतून आरपार जाऊन मुठीत आवळला जातो, म्हणून तो १८ पेक्षा लांब असणारच. ४० मि.मी.चे टोकदार स्क्रू ड्रॉवरच्या फळ्या एकमेकींना जोडायला.

संशय आला की इथंही मोजणी कामाला येते. दाराला प्रत्येकी चार बिजागऱ्या, म्हणजे आठ. प्रत्येकीला वाटीत दोन आणि पट्टीत दोन असे चार स्क्रू, झाले ३२. चॅनलच्या जोडीला दोन्ही भाग मिळून १२. दांड्याच्या दोन कड्यांना ४. खालच्या पट्टीच्या दोन कोनांना ४. एकूण ५२. भाच्याच्या ढिगात १६ चे स्क्रू ५४ निघाले. दोन जास्त असणं ठीक आहे. चाळीसच निघाले असते तर दुसऱ्या कुठल्या लांबीचा स्क्रूही तिथं वापरायचा आहे असं धरून पुन्हा शोधावं लागलं असतं.

फळीवरचं प्रत्येक भोक भरलंच पाहिजे असं मात्र नाही. पिनांच्या रांगेतली बरीच भोकं रिकामीच राहतात, आणि काही कंपन्या एकच फळी दोन मॉडेलांसाठी पाडतात. उरलेली वस्तू मात्र तपासा. एखादा लॉक उरला तर तो जास्तीचा, चार लॉक उरले तर एक अख्खी फळी नुसत्या खुंट्यांवर उभी आहे.

उभी करायच्या आधी

चौकट निजलेली असतानाच दोन्ही कर्ण मोजा, कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंत. ८०० बाय १८०० च्या चौकटीत कर्ण १९७० च्या आसपास यायला हवा, पण आकड्यापेक्षा दोन्ही सारखे असणं महत्त्वाचं. दोन-तीन मि.मी.चा फरक चालतो. जास्त असेल तर लांब कर्णाच्या कोपऱ्यावर तळहातानं दाब द्या, सारखे झाले की सगळे लॉक पुन्हा एकदा तपासा आणि पुठ्ठ्यातून मधल्या फळीच्या मागच्या कडेत दोन-तीन छोटे स्क्रू मारा. नंतर दारं वाकडी दिसतात त्याचं मूळ बहुतेक वेळा इथंच असतं, लोक मात्र बिजागरी फिरवत बसतात.

खोलीची उंचीही बघा. निजलेली आलमारी उभी करताना तिचा तिरपा कोपरा तिच्या उंचीपेक्षा वर जातो. १८०० उंच आणि ४८० खोल असेल तर साधारण १८६५ पर्यंत. कवेलूच्या घरात भिंतीकडे छत उतरतं, तिथं हा कोपरा अडकतो. खोलीच्या मधोमध उभी करा आणि मग दोघांनी उचलून भिंतीशी न्या. ओढत नेऊ नका, खालचे लॉक उखडतात.

फरशी उंचसखल असेल तर दारं लावण्याआधी खाली पातळ पट्टी सारून आलमारी समतल करा. मग दारं. या आलमारीत दोन दारं मिळून ७९२ होतात, म्हणजे ती दोन्ही बाजूंच्या कडा झाकतात, म्हणून सरळ बिजागरी, बाजारात जिला झिरो क्रँक म्हणतात ती. तीन दारांच्या आलमारीत मधल्या फळीवर दोन दारं येतात आणि तिथं वाकलेली, आठ क्रँकची बिजागरी लागते. पिशवीत दोन आकाराच्या बिजागऱ्या निघाल्या तर वाकलेल्या मधल्या फळीसाठी. शेवटी वरच्या भागातून भिंतीला एक कोन लावा. दोन्ही दारं उघडून ड्रॉवर पुढे ओढला की वजन पुढं झुकतं, आणि घरात लहान लेकरं असतील तर हे टाळूच नका. मातीच्या भिंतीत प्लग धरत नाही, तिथं लाकडी खांबाला किंवा आडव्या फळीला स्क्रू मारा.

ही रीत आलमारी, पुस्तकांचं कपाट, टीव्हीचं युनिट, अभ्यासाचा टेबल यांना चालते, कारण त्यांची भोकं कारखान्यातच पाडलेली असतात. ज्या फळ्यांना भोकंच नाहीत तिथं ती चालणार नाही. हायड्रॉलिक पलंग कागदाशिवाय जोडू नका. त्याच्या गॅसच्या नळ्या दाबाखाली असतात, आणि त्या कुठल्या भोकात, कुठल्या कोनात लावायच्या हे गादीच्या वजनावर ठरतं. चुकीच्या भोकात लागल्या तर फळी एकदम वर उसळते किंवा हातावर मिटते. तिथं विकणाऱ्याकडून कागद येईपर्यंत फळ्या भिंतीला टेकवून नाही, तर निजवून, कोरड्या जागी ठेवा. पावसाळ्यात सारवलेल्या जमिनीवर थेट ठेवल्या तर उघड्या कडेतून ओल शिरते, कड फुगते, आणि फुगलेल्या कडेत लॉक बसत नाही.